कर्जाचा हप्ता स्वतः तपासताना: घटत्या शिल्लकेच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हप्ता मोजून देणारी साधनं भरपूर आहेत. त्यांत तीन आकडे भरले की उत्तर मिळतं, पण कागदावरचा हप्ता त्या उत्तराशी जुळला नाही तर फरक कुठून आला हे ती सांगत नाहीत. ते कळायला हिशोब एकदा आपल्या हाताने करावा लागतो. इथली सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत: २,००,००० रुपये मुद्दल, वार्षिक १२ टक्के व्याज, २४ महिने मुदत आणि दरमहा सारखा हप्ता. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. रीत मात्र कुठल्याही रकमेला तीच.

तपासायला बसण्याआधी काय हाताशी हवं?

कर्ज मंजुरीचं पत्र आणि परतफेडीचा तक्ता. पत्रात मुद्दल, व्याजदर, महिने आणि हप्ता सापडतो. तक्त्यात दर महिन्याची सुरुवातीची शिल्लक, व्याज, मुद्दलात गेलेली रक्कम आणि उरलेली शिल्लक असते. तक्ता दिला नसेल तर मागून घ्या, कारण खरी तपासणी तक्त्याच्या पहिल्या ओळीवर होते. पुढे ते दिसेलच.

सूत्र काय आहे आणि ते आलं कुठून?

```
E = P × r × (1+r)^n / ((1+r)^n − 1)
```

यात E म्हणजे हप्ता, P म्हणजे मुद्दल, r म्हणजे एका महिन्याचा दर आणि n म्हणजे महिन्यांची संख्या. सूत्र पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. ते उभं कसं राहतं हे कळलं की विसरलं तरी परत मांडता येतं.

समजा तुम्ही २४ महिने एक पैसाही भरला नाही. मग महिन्याला १ टक्का व्याज चढून दर महिन्याला शिल्लक १.०१ पट होत जाईल आणि शेवटी मूळ रकमेच्या १.०१ चा २४ वा घात इतकी होईल. आता दुसरी बाजू बघा. तुम्ही भरलेला प्रत्येक हप्ता त्या दिवसापासून तेवढं व्याज वाचवतो. पहिला हप्ता २३ महिन्यांचं व्याज वाचवतो, दुसरा २२ महिन्यांचं, आणि शेवटचा काहीच नाही. सगळे हप्ते असे शेवटच्या दिवसापर्यंत वाढवून एकत्र केले की त्यांची बेरीज त्या वाढलेल्या कर्जाइतकी भरली पाहिजे. कर्ज फिटलं याचा अर्थच तो. ही बेरीज म्हणजे हप्ता गुणिले (घात वजा १) भागिले मासिक दर. वरचं सूत्र याच बरोबरीतून निघतं.

२४ वा घात साध्या कॅल्क्युलेटरवर कसा काढायचा?

चोवीस वेळा गुणायची गरज नाही. वर्ग करत जा. १.०१ चा वर्ग १.०२०१. त्याचा वर्ग केला की चौथा घात मिळतो, १.०४०६०४०१. पुन्हा वर्ग केला की आठवा, १.०८२८५६७१. आणखी एकदा केला की सोळावा, १.१७२५७८६४. चोवीस म्हणजे सोळा अधिक आठ, म्हणून शेवटच्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा: १.२६९७३४६५. हाच २४ वा घात. ३६ महिने असतील तर बत्तिसावा आणि चौथा घात गुणायचा. ६० असतील तर बत्तिसावा, सोळावा, आठवा आणि चौथा.

आता मघाची बरोबरी मांडू. काहीच न भरता कर्ज झालं असतं २,००,००० × १.२६९७३४६५ = २,५३,९४६.९३. दुसऱ्या बाजूला हप्त्याला गुणायचा आकडा आहे ०.२६९७३४६५ ÷ ०.०१ = २६.९७३४६५. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ९,४१४.६९ येतात. हप्ता हाच. पूर्ण रुपयात घेतला तर ९,४१५.

याला २,००,००० ने भागून ठेवा: ०.०४७०७३४७. १२ टक्के आणि २४ महिने असतील तर एका रुपयामागे हप्ता एवढा पडतो. हा गुणक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

महिन्याचा दर काढायला वार्षिक दराला १२ ने भागायचं, की बारावं मूळ काढायचं?

हप्त्याच्या हिशोबात १२ ने भागतात, प्रथा तीच आहे. गणिताची आवड असलेली मंडळी चक्रवाढ लक्षात घेऊन १.१२ चं बारावं मूळ काढतात आणि त्यांचा हप्ता ९,३५७.५० येतो. मग कागदावर ५७ रुपये जास्त लावले अशी तक्रार होते. ही तक्रार टिकत नाही. पत्रातला १२ टक्के हा आकडा दरमहा १ टक्का या अर्थाने लिहिलेला असतो.

दशांशाची किती स्थळं धरायची?

मासिक दरात अजिबात कापाकापी करू नका. १ टक्का हा सोपा आकडा होता, पण १० टक्क्यांना १२ ने भागलं की ०.८३३३ टक्के असं न संपणारं काहीतरी येतं. बरेच जण ते ०.८३ करून टाकतात. २० वर्षांच्या कर्जात एवढ्यानेच एका लाखामागचा हप्ता ९६५.०२ ऐवजी ९६२.३७ येतो. कर्ज २५ लाखांचं असेल तर दरमहा ६६ रुपयांचा फरक पडतो आणि दोष उगाच देणाऱ्यावर जातो. भागाकार करून आलेला आकडा पुसू नका, त्यावरच पुढची बटणं दाबत जा. पूर्णांक करायचं ते फक्त सगळ्यात शेवटी, हप्त्याचा आकडा आल्यावर.

हप्ता जुळला. मग तक्ता तपासायचा कशाला?

हप्ता बरोबर असूनही तक्ता वेगळ्याच रीतीने चाललेला असू शकतो. तीन ओळी करून बघायला पाच मिनिटं लागतात.

पहिल्या महिन्यात २,००,००० वर १ टक्का म्हणजे २,००० रुपये व्याज. ९,४१५ मधून ते वजा केलं की ७,४१५ मुद्दलात गेले आणि १,९२,५८५ उरले. दुसऱ्या महिन्यात व्याज या उरलेल्या रकमेवर, म्हणजे १,९२५.८५. मुद्दलात गेले ७,४८९.१५, शिल्लक १,८५,०९५.८५. तिसऱ्या महिन्यात व्याज १,८५०.९६, मुद्दलात ७,५६४.०४, शिल्लक १,७७,५३१.८१.

बघायच्या गोष्टी दोनच. व्याजाचा आकडा दर महिन्याला उतरतो का? आणि मुद्दलात जाणारी रक्कम आधीच्या महिन्याच्या १.०१ पट होते का? ७,४१५ × १.०१ = ७,४८९.१५, म्हणजे जुळलं. दर आणि हप्ता तोच असेल आणि व्याज महिन्याच्या हिशोबाने असेल, तर हे प्रमाण शेवटपर्यंत मोडत नाही. तक्त्याच्या मधल्या कुठल्याही दोन लागोपाठच्या ओळी घेऊन हे पडताळता येतं.

शेवटचा हप्ता वेगळा का छापलाय?

पूर्ण रुपयामुळे. ९,४१४.६९ ऐवजी तुम्ही दरमहा ९,४१५ भरता. ते जादा ३१ पैसे व्याजासकट साठत जातात, त्यामुळे शेवटचा हप्ता ९,४०६.७६ येतो. खाली उतरवून ९,४१४ ठेवला असता तर शेवटचा ९,४३२.७३ झाला असता. पाच-पंचवीस रुपयांच्या अशा फरकामागे लागू नका. शेवटचा हप्ता शेकड्यांनी वेगळा दिसला तर मात्र थांबा. बहुतेक वेळा मध्ये कुठेतरी शिल्लक हललेली असते.

माझा हिशोब ९,४१५ सांगतो, कागदावर ९,५३२ आहे. चूक कुणाची?

बऱ्याचदा चूक कुणाचीच नसते, तुम्ही आणि ते वेगवेगळ्या मुद्दलावर हिशोब करत असता. हे उलटा हिशोब करून बघता येतं.

कागदावरचा हप्ता मघाच्या गुणकाने भागा: ९,५३२ ÷ ०.०४७०७३४७ = २,०२,४९२. म्हणजे दर आणि महिने तेच धरले तर हा हप्ता साधारण २,०२,४९२ रुपयांच्या कर्जाचा आहे. हप्ता पूर्ण रुपयात आणताना अर्धा रुपया इकडेतिकडे गेलेला असणार, आणि अर्धा रुपया भागिले हा गुणक म्हणजे साधारण ११ रुपये. म्हणून खरं मुद्दल २,०२,४८१ ते २,०२,५०३ यांच्या दरम्यान असायला हवं. या पट्ट्यात एकच गोल आकडा बसतो: २,०२,५००. तो आणि तुमचे दोन लाख यांतला फरक बरोबर २,५०० रुपये.

आता पत्राची मागची पानं चाळा आणि २,५०० शोधा. प्रोसेसिंग फी, कर्जासोबत दिलेल्या विम्याचा हप्ता किंवा या दोन्हींची बेरीज तेवढी भरते का ते बघा. अशी रक्कम रोख न घेता मुद्दलातच घालतात. तुमच्या खात्यात दोन लाख जमा होतात, पण कर्ज २,०२,५०० चं लिहिलं जातं. मला हा प्रकार आवडत नाही. शुल्क आकारायला हरकत नाही, पण त्यावर दोन वर्षं व्याज भरावं लागतं हे हप्त्याच्या ओळीत कुठेच दिसत नाही. हातात आलेल्या दोन लाखांच्या मानाने बघितलं तर ९,५३२ चा हप्ता म्हणजे १२ नव्हे, सुमारे १३.२५ टक्के दर होतो.

पण मुद्दलच वाढवलंय हे कशावरून? दर वाढवलेला असू शकतो ना?

असू शकतो, आणि शंका रास्त आहे. एकट्या हप्त्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही. २,०२,५०० वर १२ टक्के आणि २,००,००० वर सुमारे १३.२५ टक्के, दोन्हीकडून ९,५३२ च येतात. सूत्रात तीन आकडे आत जातात आणि एक बाहेर येतो, त्यामुळे बाहेरच्या एकावरून आतला कुठला बिघडला हे ठरत नाही.

इथे तक्त्याची पहिली ओळ कामाला येते. पहिल्या महिन्याच्या व्याजाला सुरुवातीच्या शिल्लकेने भागा. शिल्लक २,०२,५०० आणि व्याज २,०२५ असेल तर दर १ टक्काच आहे, मुद्दल वाढलंय. शिल्लक २,००,००० आणि व्याज २,२०९ च्या आसपास असेल तर दर बदललाय. शिल्लक आणि दर दोन्ही जुळत असूनही हप्ता जास्त असेल तर ओळी मोजा, महिने २४ पेक्षा कमी असतील.

हप्ता एकदम १०,३३३ दिसतोय. हे काय?

हा फ्लॅट दर. दोन लाखांवर १२ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज ४८,०००, ते मुद्दलात मिळवून २४ ने भागलं की १०,३३३.३३. यात दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर चालू राहतं. घटत्या शिल्लकेवर याच कर्जाचं एकूण व्याज २५,९५२ च्या आसपास होतं. घटत्या शिल्लकेच्या भाषेत हा १२ टक्के फ्लॅट दर जवळपास २१.५७ टक्के होतो.

ओळखायची खूण सोपी आहे: सूत्राची गरजच पडत नाही. हप्ता गुणिले महिने करा, मुद्दल वजा करा आणि उरलेलं व्याज मुद्दल × दर × वर्षं एवढं बरोब्बर भरतं का ते बघा. भरलं तर दर फ्लॅट आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. कधीकधी हप्ता फ्लॅटने काढतात आणि तक्ता मात्र घटत्या शिल्लकेचा देतात. अशा तक्त्यात सगळं रीतसर उतरताना दिसतं, पण पहिल्या ओळीतलं व्याज २,००० ऐवजी ३,६०० च्या जवळ असतं.

पहिला हप्ता कर्ज देतानाच कापून घेतला. हिशोब बदलतो का?

बदलायला हवा. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला घ्यायचा असेल तर तो ९,४१४.६९ ÷ १.०१ म्हणजे ९,३२१.४८ इतका असला पाहिजे, कारण प्रत्येक हप्ता महिनाभर आधी जातोय. आगाऊ कापूनही हप्ता ९,४१५ च ठेवला असेल, तर तुम्हाला प्रत्यक्षात १,९०,५८५ रुपयेच मिळाले आणि त्यावर २३ हप्ते उरले. दर पडतो सुमारे १३.१ टक्के.

तक्त्यातलं पहिल्या महिन्याचं व्याज २,००० नाही, २,०३८ आहे.

तिथे व्याज दिवसांवर मोजलंय. २,००,००० × ०.१२ × ३१ ÷ ३६५ = २,०३८.३६. तीस दिवसांच्या महिन्यात हेच १,९७२.६० येईल आणि २८ दिवसांच्या महिन्यात १,८४१.१०. वर्षभरात वरखाली बरचसं भरून निघतं. पण २,०६६.६७ दिसलं तर ३६५ ऐवजी ३६० ने भागलंय, आणि ते भरून निघत नाही. दिवसांची पद्धत असेल तर मुद्दलातल्या रकमेचं १.०१ पटीचं प्रमाणही जुळणार नाही. तिथे ओळीओळीने दिवस मोजूनच तपासावं लागतं.

पहिल्या हप्त्याआधीच एक वेगळी रक्कम मागितली. ती कसली?

कर्ज १० मार्चला मिळालं, हप्त्याची तारीख ५ आणि पहिला हप्ता ५ मे ला, असं समजू. ५ एप्रिल ते ५ मे हा पहिला पूर्ण महिना. १० मार्च ते ५ एप्रिल या २६ दिवसांचं व्याज वेगळं घेतात: २,००,००० × ०.१२ × २६ ÷ ३६५ = १,७०९.५९. रक्कम एवढीच असेल तर हिशोब ठीक आहे. पूर्ण महिन्याचे २,००० लावले असतील तर विचारा.

अर्धी मुदत संपली, तरी एक लाखापेक्षा जास्त बाकी कशी?

सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो म्हणून. आकडा खरा आहे का हे बारा ओळी न लिहिता एका फटक्यात बघता येतं. १.०१ चा बारावा घात १.१२६८२५०३ (आठवा गुणिले चौथा). कर्ज वाढून झालं असतं २,२५,३६५.०१. भरलेल्या बारा हप्त्यांची वाढीव बेरीज ९,४१५ × १२.६८२५०३ = १,१९,४०५.७७. वजाबाकी १,०५,९५९.२४. मुदतीआधी कर्ज फेडायला जाल तेव्हा सांगितलेल्या बाकीशी ताडून बघायचा आकडा हाच. त्यावर चालू महिन्याच्या दिवसांचं व्याज आणि लागू असेल ते शुल्क, एवढंच चढू शकतं.

मध्येच दर वाढला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजायचं?

नाही. उरलेली शिल्लक हेच नवं मुद्दल आणि उरलेले महिने हीच नवी मुदत. बाराव्या हप्त्यानंतर दर १३ टक्के झाला तर १,०५,९५९.२४ वर १२ महिन्यांचा हप्ता ९,४६४ येतो. हप्ता ९,४१५ च ठेवला तर मुदतीच्या शेवटी सुमारे ६२४ रुपये उरतात आणि एक छोटा पंचविसावा हप्ता लागतो. मूळ दोन लाख घेऊन नवा दर लावण्याची घाई करू नका, त्यातून येणारा आकडा कशाशीच जुळणार नाही.

स्प्रेडशीटमध्ये हे होत नाही का?

होतं. पहिली ओळ हप्ता देते आणि दुसरी कागदावरच्या हप्त्यावरून वार्षिक दर काढते.

```
=PMT(0.12/12, 24, -200000)
=RATE(24, -9532, 200000)*12
```

हातात पडलेली रक्कम आणि भरायचा हप्ता यांची चिन्हं उलट ठेवावी लागतात, नाहीतर RATE चूक दाखवतं. दुसऱ्या ओळीत मुद्दलाच्या जागी पत्रातला आकडा नको, खात्यात खरोखर जमा झालेली रक्कम घाला.

फरक सापडला. विचारताना काय लिहायचं?

"हप्ता जास्त वाटतो" असं लिहिलं तर उत्तरात छापील माहितीपत्रक येईल. त्याऐवजी आकडा लिहा: "दर १२ टक्के आणि २४ महिने धरून ९,५३२ चा हप्ता २,०२,५०० मुद्दलाचा येतो. मंजूर रक्कम २,००,००० आहे. वरचे २,५०० कोणत्या शीर्षाखाली मुद्दलात घेतले ते कळवावे, आणि ती रक्कम आत्ता रोख भरल्यास हप्ता ९,४१५ करून सुधारित तक्ता द्यावा." सोबत मूळ तक्त्याची पहिली ओळ उतरवून द्या.